नुसतं ‘कसं पोचायचं’

कानिफनाथ एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर होते. निवृत्तीनंतर ते तिसगावातच राहिले. आडरस्त्याला कुठं जायचं असलं की लोक अजून त्यांनाच फोन करत. सून पंकजानं त्यांना व्हॉट्सअ‍ॅप शिकवल्यापासून नकाशेही येऊ लागले होते.

सप्टेंबरातल्या एका दुपारी अनोळखी नंबरवरून एक स्क्रीनशॉट आला. खाली दोनच शब्द होते, ‘कसं पोचायचं’. नाव नाही, गाव नाही.

कानिफनाथांनी चष्मा लावून चित्र मोठं केलं. निळा ठिपका करंजीच्या पलीकडं, नगरच्या बाजूला होता. तिथून निळी रेघ हमरस्त्यानं तिसगावपर्यंत येऊन डावीकडं वळत होती, पुढं एका ओढ्याला आडवी जात होती. शेवटी रेघ संपून नुसती टिंबं होती आणि टिंबांच्या टोकाशी लाल खूण. खाली लिहिलं होतं, ४१ मिनिटं, २६ किलोमीटर. खुणेशेजारचं नाव मात्र कापलं गेलं होतं. वरची वेळेची पट्टीही नव्हती, त्यामुळं चित्र कधीचं तेही कळेना.

“टिंब म्हंजे काय गं?” त्यांनी पंकजाला विचारलं.

“तिथून पुढं गाडीचा रस्ता नकाशात न्हाई, मामा. चालत जायचं.”

त्यांनी सांगितलं तसं पंकजानं टाइप केलं. ‘चित्रात दिसतं ते असं. हमरस्त्यानं तिसगावला या, तिथं डावीकडं वळा, ओढा ओलांडा, शेवटचा तुकडा पायी. निळा ठिपका चित्र काढणाऱ्याचा असतो, तुम्ही आत्ता तिथंच आहात का ते मला माहीत नाही. शेवटच्या जागेचं नाव कापलंय. ओढ्यावर उंच पूल नाही, सखल फरशी आहे. आज तिच्यावर पाणी आहे का ते नकाशावरून कळत नाही. वळसा घालून पुलाचा रस्ता आहे, पण कुठं जायचं ते कळल्याशिवाय तो सांगता येणार नाही. कुणाकडं जायचंय?’

एकच टिक आली. दुसरी येईना. फोन लावला तर बंद.

फरशीजवळ राहणाऱ्या बिभीषणला त्यांनी विचारलं. तो म्हणाला, “कालपस्नं वर लई पाऊस हाय. मगापासून पानी फरशीवरनं चाललंय. कुनाला पाठवू नका.”

“मी कुनाला पाठवलं न्हाई रे. जो येतोय त्याला थांबवायचंय, आन तो कोन ते ठावं न्हाई.”

घरात बसवेना. ते फाट्यावर जाऊन उभे राहिले. वळणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करायचा, म्हणजे किमान पाण्याचं सांगता येईल. एक टेम्पो थांबला, तो जवळच्याच मळ्यातला निघाला. दुसरा मोटरसायकलवाला मान हलवून माघारी फिरला. एक पांढरी गाडी तशीच वळून निघून गेली. आत एक बाई मागं बसलेली दिसली. म्हातारा फुकट बसायला मागतोय असं ड्रायव्हरला वाटलं असावं. त्यांनी परत बिभीषणला फोन केला, पण त्यानं उचलला नाही.

दिवस कलेपर्यंत ते तिथंच होते. टिक एकच.

उत्तर आलं दुसऱ्या दिवशी सकाळी.

‘काका, मी माधुरी, रंभाजी ड्रायव्हरची मुलगी. माझे वडील, दादा, गेले. आई-दादा पाच वर्षांपूर्वी मळ्यात राहायला गेले, तिकडं मी कधी आलेच नव्हते. भावानं नकाशावरची खूण पाठवली होती, पण नंतर तो फोन उचलत नव्हता. रस्त्याचं काही अडलं तर कानिफ कंडक्टरला विचार, असं दादा म्हणायचे. बॅटरी संपत आली होती, म्हणून घाईत तेवढंच पाठवलं. पाण्यामुळं माघारी फिरावं लागलं. विचारत विचारत पुलाकडून गेलो. पोचले तेव्हा अग्नी देऊन झाला होता.’

कानिफनाथांनी ते दोनदा वाचलं. रंभाजीच्या गाडीवर त्यांनी चौदा वर्षं घंटी मारली होती. नाव कापलं गेलेली ती लाल खूण त्याच्याच घराची होती.

“मामा, काय लिहू?” पंकजानं विचारलं.

“काय लिहिनार. मी निघतो.”

ते पुलाकडच्या रस्त्यानं गेले. ओट्यावर रंभाजीच्या पत्नी भिमाबाई बसल्या होत्या, माधुरी त्यांच्या मागं. कानिफनाथ चप्पल काढून खाली टेकले.

“तुमाला कळवायचं राहिलं बघा भावजी,” भिमाबाई म्हणाल्या. “लई घाई झाली.”

“व्हय,” ते म्हणाले.

माधुरीनं विचारलं, “काका, तो मेसेज मला रस्त्यात मिळाला असता तर मी वेळेत पोचले असते?”

त्यांनी मनात किलोमीटर मोजून पाहिले. वळशानं तास तरी जास्त लागला असता, आणि इकडं तिरडी कधी उचलली हे त्यांना माहीत नव्हतं.

“ते मला सांगता यायचं न्हाई पोरी,” ते म्हणाले.

माधुरी उठून पाणी आणायला आत गेली.