सात नंबरची चिठ्ठी

लकडगंजातल्या आमच्या सांडगी मिरचीच्या छोट्या कारखान्यात प्रत्येक पाकिटात पॅक करणाऱ्या बाईच्या नंबराची चिठ्ठी जाते. बायकांना त्याचा भारी अभिमान. एका सकाळी कन्हानच्या एका ग्राहक बाईंचा व्हिडिओ सगळीकडे फिरू लागला. सांडगी मिरचीवर पांढरी बुरशी, आणि शेजारी स्पष्ट दिसणारी सात नंबरची चिठ्ठी. खाली लोक विचारत होते, ही सात नंबर कोण?

ती अकरा वर्षं आमच्याकडे होती. त्या दिवशी हात मांडीवर ठेवून नुसती बसून राहिली.

ग्राहकांशी बोलणं, निवेदनं काढणं माझ्याकडे, म्हणून मी कामांची यादी केली. त्या बॅचची विक्री बंद. ग्राहक बाईंना फोन. त्या बॅचमधून तपासणीसाठी राखून ठेवलेली नमुन्याची पाकिटं काढणे. मग निवेदन: व्हिडिओ पाहिला, बाईंशी बोललो, बॅच थांबवली, कारण शोधतो आहोत, या बॅचची मिरची खाऊ नका, पाकीट परत द्या, उद्या अकराला पुन्हा सांगू. मालकांना त्यात एक ओळ हवी होती, जबाबदार कामगारावर कारवाई करू.

"लोकं नाव मागून राहिले ना," ते म्हणाले.

"कारण माहीत नसताना तिले काहून समोर करता, भाऊ?"

त्यांनी ओळ खोडली, पण नाराजीने.

मग मी बायकांच्या ग्रुपवर कळवलं: काय झालं, काय करतो आहोत, कोणावरही ठपका नाही, कोणी विचारलं तर माझा नंबर द्या. निवेदन बाहेर जाण्याआधी हे त्यांना कळलं, याचं मला समाधान होतं. पण एक ओळ राहिली. व्हिडिओखाली काही लिहू नका, ही.

अर्ध्या तासात आमच्या बायकांनी कन्हानच्या बाईंना धारेवर धरलं. एकीने लिहिलं होतं, "तूच पाकीट उघडं ठेवलं असशील वं." इकडे आमचं निवेदन म्हणतंय कारण शोधतो आहोत, आणि तिकडे हे. मी दुसरा मेसेज टाकला, सगळ्यांकडून ते पुसून घेतलं, बाईंची माफी मागितली. रागावणं मात्र जमेना. त्या आपल्या माणसासाठी भांडल्या होत्या.

सात नंबर तेवढ्यात उठली. "माह्यासाठी भांडल्या, बरं वाटलं. पण ते बाई खरं बोलून राहिली असली तं? नमुने खोला."

तिने स्वतःच पाकिटं एकेक करून दाबून पाहिली. तिसऱ्यातून हवा सुटली. पाकिटाची कड एका कोपऱ्यात चिकटलीच नव्हती. मेकॅनिकने पाहिलं तर सीलिंग मशीनची पट्टी तिथे पुरेशी तापत नव्हती. त्या फटीतून ओल शिरली होती.

दुसऱ्या दिवशीचं निवेदन मालकांनी स्वतः लिहिलं. चूक आमच्या मशीनची आणि ते न तपासणाऱ्या आमची, पॅक करणाऱ्या बाईची नाही. बाहेर पाठवण्याआधी त्यांनी ते तिच्यासमोर वाचलं. तिने पुन्हा वाचायला लावलं. मग टोपीत केस नीट खोचून आपल्या जागेवर गेली.