पायरीसरांचा लाल शाईतला अर्ज

आमच्या गल्लीतल्या गणिताच्या सरांना शाळेत ‘पायरीसर’ म्हणतात. उत्तर चुकलं तरी पायरीला मार्क, हा त्यांचा बाणा. एखाद्या पोराने नदीची रुंदी काढता काढता उत्तर उणे मीटरमध्ये आणलं, तरी सर चष्मा वर सारून म्हणणार, “सूत्र तर बरोबर लिहिलंय बिचाऱ्याने.” आणि एक मार्क पदरात टाकणार. भाजीवाल्याने हिशेब चुकवला तर त्यालाही ते आधी विचारतात, “कसं आलं?” भाजीवाला तर सरांना बघितलं की पाटीवर कापड ओढतो म्हणे. तेवढं अती झालं, पण गल्लीत चालतं.

हे सर वार्षिक परीक्षेचे पेपर तपासायच्या दिवसांत रजा मागणाऱ्यांची हयातभर टिंगल करत आले. “पेपर आले की लोकांच्या आज्या बरोब्बर आजारी पडतात,” हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. स्टाफरूममध्ये लाकडी कपाटापाशी बसायचं, गठ्ठ्याची सुतळी सोडायची आणि हे वाक्य सोडायचं. आता बघा, दैव कसं चावट असतं.

ऐन तपासणीत थोरल्या भावाचा फोन आला. वहिनींच्या हृदयाची झडप बदलायची ठरली होती. आणि वहिनींचा निरोप होता, “धाकट्याला बोलवा. तो शेजारी असला की मला भूल देताना भीती वाटणार नाही. तुम्ही नुसते घाबरून मलाच पाणी मागाल.”

ही वहिनी म्हणजे सरांचं अख्खं बालपण. आई लवकर गेलेली. शाळा अर्ध्यावर सुटलेल्या या बाईने लहान दिराला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसवून गणितं करून घेतली. तिला स्वतःला भागाकार येत नव्हता, पण पीठ मळता मळता ती विचारायची, “किती आलं ते मला कशाला सांगतोस? कसं आलं ते सांग.” तो सांगायचा, आणि सांगता सांगता स्वतःची चूक त्याला स्वतःलाच सापडायची. सरांची पायरी निघाली ती या उंबऱ्यावरून.

सरांनी शाळेच्या छापील नमुन्यावर अर्ज लिहिला. ‘माननीय मुख्याध्यापिका यांच्यामार्फत, माननीय सचिव, शाळा व्यवस्थापन.’ नेहमीची रजा मोठ्या बाईंच्याच सहीने मिळते, पण तपासणीच्या दिवसांत संस्थेची मंजुरी लागते, असा आदेश दरवर्षी फळ्यावर लागतो. अर्ज घेऊन ते कार्यालयात गेले. कारकुनाने तो दोन बोटांत उंदीर धरावा तसा धरला.

“सर, हा काय अर्ज म्हणायचा की पेपर?”

सगळा अर्ज लाल शाईत होता. गठ्ठे तपासता तपासता त्याच पेनाने लिहिला गेला होता. वर कहर म्हणजे, स्वतःच्याच एका वाक्याखाली सरांनी सवयीने रेघ ओढून समासात प्रश्नचिन्ह काढलं होतं.

“निळं पेन द्या, पुन्हा लिहितो.”

“ते नंतर. आधी हा रकाना भरा. गठ्ठा कोण तपासणार? त्याच विषयाचा शिक्षक हवा आणि त्याची सही हवी. गठ्ठा शाळेबाहेर न्यायचा नाही, ते तर तुम्हीच सगळ्यांना ऐकवता.”

इथेच गाडं अडलं. गणिताच्या दुसऱ्या बाई बाळंतपणाच्या रजेवर. स्टाफरूममध्ये बाकी सगळे होते, पण भाषेच्या बाई म्हणाल्या, “सर, मी तपासले तर हस्ताक्षराला मार्क देईन.” खेळाचे सर म्हणाले, “मी सगळ्यांनाच पास करतो, चालेल?” आणि इतिहासाच्या सरांनी संधी साधलीच, “का हो, आजी आजारी आहे का?” सर हसले. मग त्यांनी खरं ते सांगितलं. इतिहासाचे सर खुर्ची सरकवून म्हणाले, “बसा सर. माझं निळं पेन घ्या.”

निळ्या शाईतला अर्ज, रिकाम्या रकान्यासकट, मोठ्या बाईंच्या टेबलावर गेला. बाईंनी तो वाचला.

“रकाना रिकामा का?”

“कोणी नाही बाई. म्हणून विचारायला आलो. नाही जमलं तर वहिनीला सांगतो.”

“काय सांगाल?”

सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

बाईंनी हिरव्या शाईचं पेन उघडलं आणि त्या रकान्यात स्वतःची सही केली. मग खाली, शिफारशीच्या जागी, पुन्हा सही केली. “विसरलात वाटतं. या खुर्चीत बसायच्या आधी मी गणितच शिकवायचे. तुमची उत्तरसूची तेवढी ठेवून जा. आणि सचिवांची सही आजच घेऊन या.”

सचिवांचं हार्डवेअरचं दुकान. पाइपांच्या ढिगाआडून त्यांनी अर्ज वाचला. “मास्तर, वहिनी नियमात बसत नाही. आईवडील, नवरा-बायको, मुलं. आई लिहा की, कोण बघतंय!”

“आई होती साहेब, लहानपणीच गेली. तिला आता पुन्हा आजारी कुठे पाडू?”

गिऱ्हाईक हसलं. सचिव हसले नाहीत. त्यांनी बाईंना फोन लावला, तोही आवाज मोठा करून. “बाई, तपासणारही तुम्ही आणि शिफारस करणारही तुम्ही? निकाल लांबला तर ओरडायचं कोणाला?”

“दोन सह्या आहेत ना? दोनदा ओरडा,” बाई म्हणाल्या. “पण साहेब, हा माणूस तपासणीत कधी रजेवर गेलेला नाही. आणि नातं खरं लिहून आलाय. खोटं लिहिलं असतं तर तुम्हालाही सोपं गेलं असतं.”

सचिवांनी खिळ्यांच्या डब्यावर अर्ज ठेवून ‘खास बाब’ असं लिहिलं, सही केली आणि म्हणाले, “जा मास्तर. वहिनींना सांगा, बऱ्या होऊन शाळा बघायला या.” सरांनी नुसते हात जोडले आणि घाईत छत्री तिथेच विसरले. दुसऱ्या कोणाची असती तर सचिवांनी विकली असती, असं गल्ली म्हणते.

शस्त्रक्रियेसाठी आत नेण्याआधी वहिनींनी सरांचा हात धरला. “पेपर कोण तपासतंय?”

“मोठ्या बाई.”

“त्यांना सांग, पोरांना पायरीचे मार्क देत जा.”

“वहिनी, आता गप्प पडा.”

झडप नीट बसली. शुद्धीवर आल्यावर वहिनींनी आधी धाकट्याला शोधलं, मग नवऱ्याला. थोरल्या भावाने तेही आनंदाने सोसलं.

सर परतले तेव्हा सगळा गठ्ठा तपासून, बेरजा करून, सुतळी बांधून तयार होता. सरांनी वाकून आभार मानले. बाई म्हणाल्या, “मलाच बरं वाटलं हो. किती वर्षांनी मुलांचं गणित बघितलं. नाहीतर माझ्या टेबलावर नुसती पत्रं. पण एक पेपर बाजूला ठेवलाय. उत्तर अगदी बरोबर, पायरी एकही नाही. नक्कल म्हणून शून्य द्यावं, तर मन होईना.”

सरांनी पेपर हातात घेतला. नाव वाचलं नाही. उंबऱ्यावर बसलेला एक पोरगा त्यांना दिसला, आणि पीठ मळणारे हात.

“मार्क नंतर देऊ, बाई,” ते म्हणाले. “आधी त्याला बोलावून विचारू, कसं आलं.”