डिंपलचा पहिला परिच्छेद

राजुऱ्याच्या झेरॉक्स दुकानात दिवसभर दुसऱ्यांच्या कागदांच्या प्रती काढणाऱ्या डिंपलने स्वतःची पहिली कथा एका दिवाळी अंकाला पाठवली. रविवारी सकाळी संपादकांचा फोन आला. "कथा चांगली आहे, पण सुरुवात मेलेली आहे. पहिला परिच्छेद सुधारून संध्याकाळपर्यंत पाठवा. नाहीतर यंदा राहू द्या."

ती धावतच माझ्याकडे आली. नाटकाच्या शिबिरात आमची मैत्री झाली होती.

"वाच," मी म्हणाले. "मोठ्याने."

ती वाचू लागली. "पहाट झाली होती. तलाव शांत होता. सुकरी पाण्यात गेली होती. तिला थंडी वाजत होती. जाळे जड होते. आज मासोळी मिळणार नाही, असे डोमाला वाटत होते."

"होती, होता, होती. रेल्वेच्या डब्यांसारखं चाललंय. आणि डोमा कुठाय?"

"काठावर. तिचा नवरा."

"कथा सुकरीची ना? मग त्याच्या डोक्यात कशी शिरलीस? ऊठ. सुकरी हो. पाण्यात उभी राहा."

ती फरशीवर पाय रोवून उभी राहिली आणि लगेच हसली. "मी कधी पाण्यात गेलीच नाई ना. बाबा जाळं टाकत, मी काठावर टोपली धरून. म्हणून काठावर पळून राह्यली मी."

"आता पळू नको. थंडी काय करते?"

"वाजते."

"सगळ्यांनाच वाजते. तुझ्या पायाला काय करते?"

"चावते." तिचे डोळे चमकले. "चावते, मग वर चढते."

"आणि डोमा?"

"त्याच्या मनातलं मले कसं दिसन? खांदे दिसन. पडलेले."

मग तिला थांबवणं कठीण झालं. ती लिहायची, म्हणायची, खोडायची. मध्येच घातलेलं 'हळूच' उडालं. 'पहाट' उडाली, थंडीतच ती आली होती. जाळं फेकताना वाक्य लांब, दोर ओढताना तोकडं. दुपारी तिने खणखणीत आवाजात वाचलं:

"सुकरी तलावात उतरली. थंडी घोट्यांना चावली, गुडघ्यांवर चढली, कमरेला बिलगली. तिने जाळं भिरकावलं आणि ते हवेत फुललं, पाण्यावर पसरलं, सावकाश बुडालं. तिने मागे वळून पाहिलं. काठावर डोमाचे खांदे पडले होते. तिने दोर ओढला. दोर हलला नाही."

"एक 'होते' राहिलं," मी म्हणाले.

"राहू दे. खांदे पडून राह्यलेच होते. तिथं थांबायचंच हाय."

बरोबर होतं. आम्ही परिच्छेद पाठवला. तिच्या घरी आम्ही चहा घेत असताना निरोप आला: 'कथा घेतली.' डिंपलने आईला, गोकुळाबाईंना, उचलायचाच प्रयत्न केला.

"सोड वं, पडीन मी. काय लिवलं ते तरी वाच."

डिंपलने वाचलं. शेवटच्या वाक्यानंतर गोकुळाबाईंनी हातातला कप तसाच धरला.

"काऊन नाई हलला दोर? सांग ना पुढं."