ठमाबाईचा कुत्रा

मला लिहिण्याची सवय नाही. पण ठमाबाईच्या पंचनाम्यावर पंच म्हणून माझी सही आहे, म्हणून हे लिहितो.

ठमाबाईची वाडी रोह्याच्या बाजूला, फणसाड अभयारण्याच्या कडेला. नवरा गेल्यावर तिच्याजवळ एक गाय आणि तिची पाडी उरली. दूध ती रोज डोंगर उतरून हॉटेलात घालायची. त्यावरच तिचे चालायचे. वनखात्याने सांगितले तसे तिने गोठ्याला कुडाच्या जागी फळ्या ठोकल्या. गाय अभयारण्यात कधी सोडली नाही.

शहाण्णवच्या डिसेंबरात गाय गावच्या गुरचरणीत मेलेली सापडली. गळ्यात सुळे रुतलेले. भरपाई हवी तर दोन दिवसांच्या आत कळवायचे आणि धूड जागचे हलवायचे नाही, हा वनखात्याचा नियम ठमाबाईने पाळला. गार्ड येईपर्यंत ती काठी घेऊन गिधाडे हाकत बसली.

गार्ड नवा, घाटावरचा. "कुणी मारली, मावशी?"

"कुत्र्यानं."

"कुत्र्यानं?"

"मोठ्या कुत्र्यानं. लिव की."

आमच्याकडे जंगलातल्या त्या जनावराचे नाव घेत नाहीत, मोठा कुत्रा म्हणतात. घेतले की तो परत येतो.

दुसरा पंच जनू हसला. "अगो, साहेब घाटावरचा हाय. त्याला खराच कुत्रा वाटंल."

"वाटू दे. घरात पाडी हाय माजी."

तेव्हा मी बोलायला हवे होते. गार्डला कळले असेल असे धरून मी सही केली. जमीन कडक, पंजाचा ठसा नव्हता. जनावरांच्या डॉक्टरांनीही दाखल्यात 'हिंस्र प्राण्याच्या चाव्याने मृत्यू' एवढेच लिहिले.

मार्चमध्ये वनखात्याचा कागद आला. जबाबानुसार गाय कुत्र्याने मारली, सबब भरपाई देता येत नाही.

मी तिला रोह्याच्या कचेरीत घेऊन गेलो. कारकून भला होता. "आजी, बिबट्या होता ना? मग तोंडाने सांगा तसं."

तिने पदर तोंडाशी धरला.

"वाघ," ती म्हणाली. "वाघ व्हता."

"इथे वाघ कुठले, आजी? बिबटे आहेत."

आम्ही बिबट्यालाही वाघच म्हणतो, हे मी सांगितले. त्याने नवा अर्ज लिहून घेतला, अंगठा घेतला.

एसटीतून उतरल्यावर ती म्हणाली, "भाऊ, नाव घेतलं मी."

"गोठ्याला फळ्या हायत की."

"फळ्या त्याला अडवतात व्हय?"

चौथ्या दिवशी तिने पाडी विकली, दारावरून जाणाऱ्या पहिल्याच व्यापाऱ्याला. मी दोनदा नको म्हटले. जोरात म्हणायला जमले नाही.

अर्जाचे उत्तर पावसाळ्यात आले. पंचनाम्यानंतर बदललेला जबाब ग्राह्य धरता येत नाही. मी ते वाचून दाखवले. तेव्हा ती निडीकडे खडी फोडायला जाऊ लागली होती. कागद तिने घेतला नाही. "तुमच्याकडंच ठेवा," म्हणाली.