बर्फावर उकळलेलं तळं

नगरच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवत होते. एक जागा बरीच वर्षं रिकामी होती. ती राखीव होती, मी त्याच प्रवर्गातली होते, एम.एस्सी.ला पहिला वर्ग होता. तरी दर मुलाखतीनंतर फाईलवर एकच शेरा पडायचा: योग्य उमेदवार मिळाला नाही. आणि जून उजाडला की त्याच अयोग्य उमेदवाराला तेच तास घ्यायला निरोप यायचा. हे लिहिताना आजही माझं डोकं तापतं. तापू दे.

त्या हिवाळ्यात आमच्या विज्ञान विभागाच्या प्रमुखांनी मला बोलावून घेतलं. विज्ञान प्रदर्शनाला संस्थेचे अध्यक्ष स्वतः येणार होते. "मॅडम, काहीतरी असं करून दाखवा की साहेबांच्या लक्षात राहील. मार्चमध्ये मुलाखती आहेत," ते म्हणाले. एवढं सांगणारेही दुसरे कोणी नव्हते, म्हणून मी ते खरं मानलं.

माझ्या डोक्यात तेव्हा टायटन होता. शनीचा सगळ्यात मोठा चंद्र. त्याच्याकडे निघालेलं यान नुकतंच आकाशात गेलं होतं आणि वाचनालयात त्यावर जे मिळेल ते मी वाचून काढत होते. तिथे इतकी थंडी, शून्याखाली एकशे ऐंशीच्या आसपास, की आपल्या गोबरगॅसमधला मिथेन तिथे पाण्याचं काम करतो. त्याची वाफ होते, ढग होतात, पाऊस पडतो. तिथलं गुरुत्व कमी आणि हवा दाट, त्यामुळे थेंब हरभऱ्याहून मोठे होऊ शकतात आणि माणूस भरभर चालतो तेवढ्याच वेगानं खाली येतात. त्या पावसाची तळी असावीत असा अंदाज होता. पाहिली मात्र कोणीच नव्हती, कारण त्या चंद्राभोवती सतत नारिंगी धुरकं असतं. पाण्याला तिथे काही कामच नाही. ते गोठून खडक झालेलं आहे.

मी ठरवलं, तो पाऊस नगरमध्ये पाडून दाखवायचा.

पहिली अडचण साडेसातीची. अध्यक्षांना साडेसाती चालू होती, तेव्हा फलकावर शनीचं नाव नको, असं विभागप्रमुखांनी मला हळू आवाजात सांगितलं. भौतिकशास्त्रात डॉक्टरेट घेतलेला माणूस! मी फलक पुन्हा रंगवला: 'एका थंड चंद्रावरचा पाऊस'. कोणाचा चंद्र ते विचारू नका, असंही खाली लिहायची मला फार इच्छा झाली होती.

बाकी सगळं जिल्ह्यातच मिळालं. काष्टीच्या एका विद्यार्थिनीच्या घरी गोबरगॅस होता. तिच्या चुलत्यांनी ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबमध्ये गॅस भरून टेम्पोनं पाठवला. द्रवरूप नायट्रोजन म्हशींच्या कृत्रिम रेतन केंद्रात असतो, तिथे रेताच्या कांड्या त्यात बुडवून ठेवतात. तिथल्या माणसानं मला थर्मासभर दिला आणि वर विचारलं, "बाई, म्हैस कुटं बांधलीय म्हनायची?" मी म्हटलं, शनीवर. तो म्हणाला, "मंग दूद आनायला लई लांब पडंल."

प्रदर्शनाच्या आदल्या रविवारी प्रयोगशाळेत रंगीत तालीम केली. मदतीला माझे वडील होते. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. भिंगारला लष्कराच्या एका डेपोत ते हमालीला होते, नुकतेच निवृत्त झाले होते. ट्यूबवर हळूहळू दाब देणं हे त्यांचं काम. आधी गॅस कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून न्यायचा, म्हणजे त्यातला कार्बन डायऑक्साइड जातो. मग तो कोरडा करायचा आणि थर्मासच्या तोंडात लटकवलेल्या लांब परीक्षानळीत सोडायचा. जादाचा गॅस रबरी नळीनं खिडकीबाहेर. आसपास काडीसुद्धा ओढायची नाही.

पहिल्यांदा नळी फार खाली गेली आणि भिंतीवर पांढरा थर धरला. नायट्रोजन इतका थंड की मिथेन गोठून गेला. मी नळी थोडी वर घेतली. थर वितळला, भिंतीवर थेंब जमले, एक थेंब दुसऱ्याला मिळाला आणि खाली ओघळला. थोड्या वेळात तळाशी दोन बोटं स्वच्छ द्रव साचला, बिसलेरीच्या पाण्यासारखा. मी नळी वर उचलून दादांना दाखवली.

"गोबरग्यासचं पानी केलंस तू," दादा म्हणाले. आयुष्यात ते कधी माझ्याशी इतक्या आदरानं बोलले नव्हते.

"थंड ठेवायला लागतं फक्त," मी म्हटलं. "जरा तापलं की उडून जातं."

"आन् ते यान कवा पोचायचं?"

"सात वर्षं लागतील."

"तवर तुजी नोकरी पक्की झाली आसंल." ट्यूबची घडी घालता घालता ते सहज बोलून गेले.

प्रदर्शनाच्या दिवशी दादा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. अध्यक्ष दहाला येणार, म्हणून मी नऊलाच नळीतलं तळं तयार ठेवलं. थर्मासचं झाकण लावून ठेवलं असतं तर नायट्रोजन दुपारपर्यंत पुरला असता. पण नळी आत, तोंड उघडं. आणि साडेदहाला विभागप्रमुख धावत आले.

"मॅडम, गेटवर चला. ओवाळायला बाई माणूस हवं."

कॉलेजात बायका आम्ही दोघी. दुसऱ्या मॅडम कायम होत्या, त्या काही जागच्या हलल्या नाहीत. मी सांगितलं की नायट्रोजन संपत चाललाय, मी इथून हलले तर दाखवायला काही उरणार नाही. "पाचच मिनिटं," ते म्हणाले. ज्यांच्या सहीवर माझे तास होते त्यांना मी आणखी काय सांगणार? दादांना म्हटलं, लक्ष ठेवा, थंड राहू द्या, आणि गेले.

गेटवर मी ताट धरून उभी राहिले. आमच्या घरात छप्पन्न सालच्या धम्मदीक्षेपासून ओवाळणं बंद झालं होतं, आज्जीनं स्वतःच्या हातानं देव्हारा मोकळा केला होता. तरी मी उभी. निरांजन वाऱ्यानं विझायचं, मी पुन्हा लावायची. अध्यक्ष कारखान्याच्या बैठकीत अडकले होते. पाच मिनिटांची दुपार झाली. ऊन डोक्यावर आलं. एखाद्या कामाचा जीव किती असतो हे ज्यांना कधी कळावं लागत नाही, तीच माणसं दुसऱ्यांना थांबवून ठेवतात, हे माझं मत तिथे झालं आणि अजून बदललेलं नाही.

अखेर गाडी आली. मी ओवाळलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, ताटात नोट टाकली आणि पुढे गेले. मी ताट कोणाच्या तरी हातात कोंबून मागच्या जिन्यानं प्रयोगशाळेकडे पळाले.

दादा घामाघूम होऊन बादलीजवळ उभे होते. बादलीत भुसा लागलेला बर्फ ठेचून भरला होता, वर जाडं मीठ पेरलं होतं, आइस्क्रीमच्या पॉटला पेरतात तसं. मधोमध माझी परीक्षानळी. रिकामी.

"थर्मासमदलं संपलं गं," ते म्हणाले. "नळीत बुडबुडं याया लागलं. म्हून रसवंतीवाल्याकडनं बर्फ आनला. पन बर्फात ठिवल्याबरुबर जास्तच उकळाया लागलं. मी अजून बर्फ घातला, मीठ घातलं. कायबी राह्यलं न्हाई."

बरोबरच होतं. उणे एकशे सत्तरच्या मिथेनला तुमचा आमचा बर्फ म्हणजे पेटती शेगडी. ते दादांनी कुठून ओळखावं? थंड ठेवायचं म्हणजे बर्फ लावायचा, हे सगळ्या नगर जिल्ह्याला ठाऊक आहे. मी त्यांना म्हटलं, "तुमचं काही चुकलं नाही." तेवढ्यात दारातून मंडळी आत आली.

अध्यक्षांनी फलक वाचला, बादलीत डोकावले. "पाऊस कुठंय?"

मी सांगितलं. उशीर झाल्यानं नायट्रोजन संपला, तळं उडून गेलं. बर्फाच्या उबेनं उकळलं.

"बर्फानं उकळलं?" त्यांनी मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं. "ऐका हो. मॅडमनी बर्फावर चहा ठेवलाय."

सगळे हसले. विभागप्रमुखही हसले, आणि त्यांना तर उष्णतेचे नियम पाठ होते, वीस वर्षं तेच शिकवत होते. मी बोलत राहिले की त्या चंद्रावर बर्फ म्हणजे दगड असतो, तळी मिथेनची असावीत. "पाहिलीत का कोणी?" त्यांनी विचारलं. अजून नाही, मी म्हटलं. "मग झालं तर," म्हणाले आणि शेजारच्या टेबलाकडे गेले. तिथे थर्मोकोलचा साखर कारखाना होता, चिमणीतून अगरबत्तीचा धूर निघत होता. त्याला पहिलं बक्षीस मिळालं.

दादा भिंतीला टेकून उभे होते. हसणारे एकेक चेहरे त्यांनी पाहिले. मग बादली उचलून बाहेर गेले आणि बर्फ झाडाच्या बुडाशी ओतला.

मार्चच्या मुलाखतीत योग्य उमेदवार मिळाला नाही. तो शेरा प्रदर्शनाच्या आधीच ठरलेला होता, हे मला पुढे ऑफिसातल्याच एकानं सांगितलं. मी ते दादांना सांगितलं, एकदा नाही, अनेकदा. ते मान हलवायचे. पण उन्हाळ्यात घरी कोणी बर्फ आणला की ते उठून बाहेर जाऊन बसायचे. मी कॉलेज सोडलं, भिंगारमध्ये अकरावी-बारावीचे क्लास सुरू केले. ते चालले, पोट भरलं. त्या जागेचा राग मात्र गेला नाही.

यान पोचलं तेव्हा दादा खूप थकले होते. पेपरात फोटो आला होता: नारिंगी उजेड, सपाट जमीन आणि तिच्यावर नदीत झिजून गोल झाल्यासारखे गोटे. मी पेपर त्यांच्या खाटेवर ठेवला.

"हे धोंडं?"

"बर्फाचे आहेत, दादा. पाण्याच्या बर्फाचे."

त्यांनी पेपर जवळ घेतला. "म्हंजी तिथंबी बर्फच हाय की."

"हो. आणि हे बघा, यान उतरलं ते गरम होतं. त्याच्या उबेनं खालची ओली जमीन तापली आणि मिथेनची वाफ वर आली. तुमच्या बर्फानं माझं तळं उडालं, अगदी तसंच. त्या वाफेवरूनच त्यांना कळलं की जमीन ओली आहे."

दादांनी फोटोतल्या एका गोट्यावर बोट ठेवलं.

"मंग त्यान्ला कुनी हसलं का गं?"

"नाही," मी म्हटलं. "टाळ्या वाजवल्या."