येऊरच्या चढावर उठायचं नाही

दुखलं असतं तर मी दुसऱ्या दिवशीच डॉक्टरकडे पळालो असतो. मी काही सोशिक माणूस नाही, डास चावला तरी घर डोक्यावर घेतो. पण दुखलं नाही. नुसतं नाहीसं झालं.

जानेवारीतला रविवार होता. ठाकुर्लीहून निघून आम्ही पाचजण सायकलवर येऊरचा चढ चढून वर आलेलो. धुकं एवढं, की पुढच्याची फक्त जाकिटाची पट्टी दिसत होती. वर पोचल्यावर नेहमीसारखे सगळे लघवीला झाडांआड पांगले. मी उभा राहिलो आणि माझ्या लक्षात आलं, की माझ्या हाताला कळतंय, पण ज्याला हात लागलाय त्याला काहीच कळत नाहीये. दुसऱ्याच कुणाचं तरी धरून उभा आहे असं वाटलं. मी खाली वाकून चक्क बघितलं, आहे का म्हणून. होतं. पण माझं नव्हतं.

मान वर केली तर धुक्यात बाकीचे चौघं पाठ करून उभे. कुणीच हलत नव्हतं. लघवीला जेवढा वेळ लागतो त्याच्या कितीतरी जास्त वेळ प्रत्येकजण खाली मान घालून उभा होता. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. का ते मला तेव्हा कळलं नाही. मग आम्ही खाली येऊन मिसळ खाल्ली आणि क्रिकेटवर भांडलो.

मिसळीचं एक आहे. आमच्यातले सगळ्यात मोठे, साठीला टेकलेले, आम्ही त्यांना दादा म्हणायचो. ग्रुप त्यांचा, नियमही त्यांचाच. येऊरच्या चढावर सीटवरून उठायचं नाही. जो पेडलवर उभा राहील, त्याने सगळ्यांना मिसळ द्यायची. मिसळीचं काय एवढं, पण उठला तो हरला, हे डोक्यात बसलेलं. मग चढच कशाला, शंभर किलोमीटरच्या राइडलाही कुणी उठायचं नाही. मुरबाडपर्यंत जाऊन यायचो, बूड चिकटवून. मला तर भारी अभिमान. बायकोला सांगायचो, आज चार तासांत एकदाही नाही उठलो. ती म्हणायची, सत्कार करू का तुझा?

बधिरपणा तासाभरात उतरायचा. मग दुपारपर्यंत राहायला लागला. मग सोमवारी माजिवड्याला ऑफिसात खुर्चीत नऊ तास बसलो की पुन्हा यायचा, सायकलला हातही न लावता. त्यात घरी मागच्या खोलीत मी सायकल स्टँडवर चढवून ठेवलेली. रोज सकाळी तासभर जागच्या जागी पेडल मारायचो. रस्त्यावर निदान खड्डा आला तर माणूस जरा उचलला जातो. इथे तेही नाही. समोर कपाटाचा आरसा होता. त्यात घामाघूम झालेला एक माणूस जोरात पेडल मारताना दिसायचा आणि कमरेखाली मला तो जाणवायचाच नाही. पेडल थांबवलं तरी चाक आपलं फिरत राहायचं. त्या आवाजाची मला हळूहळू भीती वाटायला लागली.

आणि मग जे व्हायचं ते झालं. सरळ सांगतो, आता लाज धरून काय उपयोग. बायकोजवळ गेलो आणि काहीच झालं नाही. एकदा झालं असतं तर दमणूक म्हणून सोडून दिलं असतं. दोनदा, चारदा, महिनाभर. मन जागं, इच्छा जागी, आणि शरीर ऐकूच येत नसल्यासारखं. पुढे पुढे सकाळी जाग येतानाही ताठपणा नसायचा. सतराव्या वर्षापासून रोज न बोलावता येणारा पाहुणा बंद झालेला. मी चव्वेचाळीस वर्षांचा. मी पांघरुणात वाट बघत पडायचो, वेड्यासारखा.

बायको बोलली नाही. ती बोलली नाही हेच वाईट होतं, कारण एरवी ती गप्प बसणाऱ्यातली नाही. एका रविवारी मी राइडवरून आलो तर ती मागच्या खोलीत सायकलसमोर उभी.

"तू घरी असतोस," ती म्हणाली, "पण कुणी आहे असं वाटत नाही रे. दुसरी कोणी असेल तर सांगून टाक. नसेल तर माझं काय चुकलं ते सांग."

पंधरा वर्षांचा संसार, आणि ही बाई स्वतःत चूक शोधत बसलीय. मी म्हणालो, तुझं काही नाही, माझं काहीतरी मेलंय. बोलताना आवाज फाटला. ती एवढंच म्हणाली, डॉक्टर.

पण मी शहाणा ना. आधी स्वतःच इलाज केला. सीट टोचते म्हणून असं होतं, असा शोध लावून जाडजूड जेलचं कव्हर आणून चढवलं. बसल्यावर काय मऊ वाटलं म्हणून सांगू. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. दुसऱ्याच राइडला अर्ध्या तासात सगळं बधिर, आणि ते तीन दिवस उतरलं नाही. मग मात्र घाबरलो. फॅमिली डॉक्टरकडे गेलो आणि कंबर दुखते म्हणून सांगून आलो. ताकाला जाऊन भांडं लपवायची आमची जुनी सवय. शेवटी बायकोनेच खोपटला एस.टी. डेपोजवळच्या मूत्ररोगतज्ज्ञांची वेळ घेतली आणि बरोबर आली.

डॉक्टर पन्नाशीचे, कंटाळलेल्या चेहऱ्याचे. माझ्या अपेक्षेप्रमाणे हसले नाहीत. सकाळी ताठरता येते का, हा त्यांचा पहिला प्रश्न. नाही म्हटल्यावर दुसरा, सायकल चालवता का. मी चाट पडलो. सायकल काही कुणाच्या कपाळावर लिहिलेली नसते. पण माझ्या मनगटावर ग्लोव्हजच्या खुणेपर्यंत ऊन लागलेलं त्यांनी पाहिलं होतं.

मी येऊर, मिसळ, जेलचं कव्हर, सगळं सांगून टाकलं, मग त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. माणसाने बसायचं ते बुडाच्या दोन हाडांवर. सायकलच्या सीटचं नाक, म्हणजे पुढचं निमुळतं टोक, मात्र दाबतं ते दोन पायांच्या मधे, अंडकोश आणि गुदद्वार यांच्या मधल्या जागेवर. लिंगाला रक्त नेणारी वाहिनी आणि संवेदना नेणारी नस तिथूनच जाते. तासन् तास दाबली की रक्त कमी, जाणीव कमी. जेलचं कव्हर का भोवलं तेही सांगितलं. हाडं मऊ जेलमधे रुततात आणि तेच जेल मधल्या जागेत वर येऊन दाबतं. तुम्ही उशी नाही, बोळा घेतलात, म्हणाले. सायकल सगळ्यांना असं करते असं नाही, सायकल हृदयाला चांगलीच, पण बधिरपणा ही शरीराची घंटा असते आणि तुम्ही ती मिसळ खात ऐकलीत. मग साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, हार्मोन, सगळं तपासायला लावलं, कारण ही तक्रार कधी कधी हृदयाच्या किंवा साखरेच्या आजाराचीही पहिली खूण असते. रिपोर्ट ठीक आले.

"जाणीव पूर्ण परत येईपर्यंत सायकल बंद," ते म्हणाले. "खुर्चीतून दर अर्ध्या तासाने उठायचं. बहुतेकांचं परत येतं. तुमचं येईल असं मला वाटतं. तारीख मात्र देणार नाही."

परतताना रिक्षात बायकोने माझा हात धरला आणि ठाकुर्लीपर्यंत सोडला नाही.

सायकल बंद, पण सीट तरी बघून घेऊ म्हणून कल्याणच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. दुकानात छताला जुन्या सीट टांगलेल्या, प्रत्येकीवर कुणा ना कुणाच्या बसण्याची खूण. माणसं गेलेली आणि त्यांची बसकण तेवढी राहिलेली. मिस्त्रींनी माझी सीट काढली, कव्हर भिरकावलं, उजेडात धरून बोट फिरवलं. मागचा भाग नवा कोरा आणि नाक झिजून चकचकीत. मी काही सांगायच्या आत ते म्हणाले, "खाली मुंग्या येत्यात ना तुम्हाला?"

मी नुसती मान हलवली. मग त्यांनी पुठ्ठ्याचा तुकडा स्टुलावर टाकून मला बसायला लावलं. उठलो तर पुठ्ठ्यावर दोन खळगे. ती तुमची हाडं, म्हणाले, आणि पट्टीने मधलं अंतर मोजलं. माझी सीट त्या मापापेक्षा बरीच अरुंद निघाली, वर नाक आकाशाकडे केलेलं. इतकी वर्षं मी हाडांवर बसलोच नव्हतो.

निघताना ते सहज बोलले, "अशीच नाक झिजलेली सीट दुसरी एक येते माझ्याकडे. दरवर्षी. त्यांना सांगून बघितलं, ते हसतात." कोण ते त्यांनी सांगितलं नाही.

पहिले तीन आठवडे काही नाही. चौथ्यात मुंग्या आल्या, भलत्या वेळी, ऑफिसच्या मीटिंगमधे. मुंग्यांनी मला एवढा आनंद कधी झाला नव्हता. मागची खोली बंद ठेवलेली. तरी पहाटे मला चाकाचा आवाज आल्यासारखा वाटायचा आणि मी उठून बघून यायचो. सायकल गप्प उभी असायची. आणि सातव्या आठवड्यातल्या एका सकाळी, लाइट येऊन फ्रिज घरघरायला लागावा तसा, पाहुणा परत आला. मी हललोच नाही, हललो तर जाईल म्हणून. मग बायकोला हाक मारली. ती झोपेत म्हणाली, काय रे, पाल आहे का? आणि मग ती उठून बसली आणि आम्ही दोघं हसता हसता रडलो.

एवढ्यावर सगळं ठीक झालं असं नाही. एखाद दिवस दगा व्हायचा. पण दार उघडं होतं.

पावसाळा संपल्यावर डॉक्टरांना विचारून मी येऊरला गेलो. हाडांच्या मापाची रुंद सीट, मधे खाच, नाक आखूड आणि सपाट, हँडल वर घेतलेलं. पुन्हा तेच धुकं. चढ सुरू झाला आणि दहा मिनिटांनी मी पेडलवर उभा राहिलो. मागून तिघं ओरडले, मिसळ, मिसळ. दादा त्यात नव्हते. थोड्या वेळाने मी पुन्हा उठलो. दादा बाजूला आले आणि माझ्याबरोबर बसल्या बसल्या चढत राहिले.

वर पोचल्यावर चौघं झाडांआड गेले. मी गेलो नाही. सगळे परत आले तेव्हा मी तिथेच, सायकलला टेकून, जे झालं ते सगळं सांगितलं. बधिरपणा, बायको, खोपट, पुठ्ठा. एकानेही थट्टा केली नाही. तिघं मान खाली घालून हेल्मेटच्या पट्ट्यांशी चाळा करत राहिले.

खाली उतरताना दादांनी मला मागे थांबवलं. बाकीचे धुक्यात दिसेनासे झाल्यावर त्यांनी विचारलं,

"तुझं किती दिवसांनी आलं परत?"

सात आठवडे, मी म्हणालो.

त्यांनी आपल्या सीटवर हात ठेवला. नाक झिजून चकचकीत झालेलं. "मला नऊ वर्षं झाली," ते म्हणाले. "मला वाटलं, वय झालं. घरी बायकोलाही तेच सांगितलं. तिने पुन्हा कधी विचारलं नाही."

मी त्यांना डॉक्टरांचा नंबर दिला. नऊ वर्षांनंतर काय होईल ते मला माहीत नव्हतं, आणि तसं मी सांगितलंही. त्यांनी नंबर दोनदा वाचून पाहिला. मग ते सायकलवर बसले, आणि त्या सरळ उतारावर, गरज नसताना, पेडलवर उभे राहिले.