बदल दिसेना तेव्हा

शिरोली एमआयडीसीत साचे बनवणारे एक काका माझ्या वेबसाइट बनवण्याच्या क्लासला यायचे. एकदा म्हणाले, "मॅडम, सीएसएस कितीबी बदला, पान हाय तसंच हाय की!"

"रंगरूपाची ती फाइल पानापर्यंत पोचते का, ते आधी बघू," मी म्हणाले.

फाइल वेगळ्या फोल्डरात होती, पण लिंकमध्ये फोल्डरचं नावच नव्हतं. ते घातल्यावर पान त्यांनी दिलेल्या रंगाचं, पिवळं झालं. काकांनी लगेच हिरवा रंग देऊन फाइल पुन्हा सर्व्हरवर चढवली, तरी पिवळंच.

"ब्राउझरनं जुनी प्रत धरून ठेवलीय," म्हणत मी कंट्रोल-शिफ्ट-आर दाबलं. पान हिरवं झालं, मथळ्याला दिलेला लाल रंग मात्र येईना. मी सरसावले, तर त्यांनी मला थांबवलं. एकेका अक्षरावर बोट ठेवत म्हणाले, "'कलर'मधला एक ओ ऱ्हायलाय!"

पुढच्या आठवड्यात क्लासमध्ये शेजारी बसणाऱ्या बाईंची अशीच अडचण त्यांनी मला न विचारताच सोडवली.